दिसतं तिथं नाणं नसतं

उभ्या कडांच्या, आरपार न दिसणाऱ्या एका भांड्याच्या तळाला नाणं चिकटवायचं. एका विद्यार्थ्यानं एक डोळा मिटून भांड्याकडे बघत हळूहळू मान खाली न्यायची आणि जवळच्या काठाआड नाणं लपलं की तिथंच थांबायचं. मग दुसऱ्यानं भांड्यात संथपणे पाणी ओतायचं. डोळा जागचा हललेला नाही, नाणंही हललेलं नाही, तरी काठामागून आधी नाण्याची एक कोर दिसू लागते, ती रुंदावत जाते आणि भांडं भरेपर्यंत जवळजवळ अख्खं नाणं समोर येतं.

‘असं का झालं?’ या प्रश्नाला वर्गातून हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘पाण्यामुळे नाणं वर आलेलं दिसतं’. उत्तर चुकीचं नाही, पण त्यावरून मुलाला नेमकं काय समजलं याचा पत्ता लागत नाही. तो लागतो वहीत आकृती काढायला सांगितल्यावर. कुणी डोळ्यापासून नाण्याकडे बाण काढतं. कुणाचा किरण पाण्याच्या पृष्ठभागाशी न वाकता मध्येच कुठंतरी वाकतो. कुणी किरण उलट बाजूला वाकवतं. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो तुटक रेषेचा. पुस्तकातल्या आकृतीत ती होती म्हणून वहीतही येते, पण ती कशासाठी आहे हे काढणाऱ्याला सांगता येत नाही.

महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात प्रकाशाचं परावर्तन आठवीत येतं आणि अपवर्तनाचा स्वतंत्र पाठ दहावीत. मधल्या काळात आरसा एकीकडे राहतो आणि पाण्यातलं नाणं दुसरीकडे. वास्तविक दोन्ही आकृत्या एकाच नियमावर उभ्या आहेत. प्रकाश वाटेत कुठं वळला हे डोळ्याला कळत नाही. शेवटच्या सरळ टप्प्यात किरण ज्या दिशेनं आला, त्याच दिशेला वस्तू आहे असं आपल्याला दिसतं. म्हणून प्रकाश जिथून खरोखर जातो ती रेषा अखंड काढायची आणि तो शेवटचा टप्पा मागं वाढवायचा तो तुटक रेषेनं. हे एकदा आरशापाशी पक्कं झालं की नाण्याची आकृती पाठ करावी लागत नाही.

आरशाच्या प्रयोगाला खिशात मावणारा छोटा सपाट आरसा, थर्मोकोलचा तुकडा, त्यावर पसरलेला कागद आणि पाच टाचण्या पुरतात. आरसा लाकडी ठोकळ्याला रबरबँड लावून कागदावर काटकोनात उभा करायचा आणि त्याच्यासमोर ६ सेंमीवर एक टाचणी टोचायची. ही आपली वस्तू. आता डावीकडून आरशात तिची प्रतिमा बघायची आणि त्या प्रतिमेच्या रेषेत येतील अशा दोन टाचण्या टोचायच्या, जेणेकरून तिन्ही एकामागं एक झाकल्या जातील. तसंच उजवीकडून करायचं. टाचण्यांची डोकी जुळवायची नाहीत, बुडं जुळवायची, कारण टाचणी थोडी जरी कलली तरी डोकं भलतीकडे जातं. दोन टाचण्यांमध्ये निदान ५ सेंमी अंतर असावं. इतक्या अंतरावर एक मिलिमीटर चुकलं तर दिशा साधारण एका अंशानं चुकते. अंतर आणखी कमी असेल तर चूक त्या प्रमाणात वाढते.

मग आरसा उचलायचा. डाव्या दोन टाचण्यांना जोडणारी आणि उजव्या दोन टाचण्यांना जोडणारी अशा दोन रेषा आरशाच्या रेषेपर्यंत अखंड आणि तिच्या पलीकडे तुटक वाढवायच्या. दोन्ही तुटक रेषा आरशामागं जिथं छेदतात तिथं प्रतिमा आहे. अंतर मोजलं तर ६ सेंमीच्या आसपास भरतं. त्या जागी प्रकाश कधी गेलेलाच नाही, म्हणून ती प्रतिमा आभासी. आता दोन्ही रेषा आरशाला जिथं टेकल्या ते बिंदू मूळ टाचणीशी जोडायचे, त्या बिंदूंवर आरशाला लंब काढायचा (पुस्तकात त्याला स्तंभिका म्हणतात) आणि कोनमापक लावायचा. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे निघतात. प्रतिमेची जागा आणि परावर्तनाचा नियम दोन्ही एकाच कागदावर सापडतात. शिवाय एका तुटक रेषेनं वस्तूची फक्त दिशा कळते, जागा ठरवायला दुसरी रेषा लागते, हेही मुलाच्या हाताखालून जातं.

इथं एक अडचण हटकून येते. आरशाची रेषा काचेच्या पुढच्या कडेनं ओढली तर आकडे जुळत नाहीत. साध्या आरशाचा चकचकीत थर काचेच्या मागच्या बाजूला असतो. पेन्सिलचं टोक आरशाला टेकवून बघितलं की टोक आणि त्याची प्रतिमा एकमेकांना भिडत नाहीत, मध्ये फट राहते. ३ मिमी जाडीच्या काचेत ती फट ६ मिमी दिसायला हवी, पण दिसते सुमारे ४ मिमी. म्हणजे मागचा थर ३ मिमी ऐवजी २ मिमीवरच असल्यासारखा भासतो. पाण्यातल्या नाण्याची गोष्ट आरशाच्या काचेत आधीच घडत असते. रेषा मागच्या कडेनं ओढली की चूक एखाद्या मिलिमीटरवर येते आणि टाचण्यांच्या प्रयोगात तेवढी चालते.

दुसरी अडचण लपून राहते, म्हणून ती जास्त त्रासाची. कोन स्तंभिकेपासून मोजायचा असतो, पण बरीच मुलं तो आरशाच्या पृष्ठभागापासून मोजतात. आरशाच्या बाबतीत तरीही दोन्ही कोन सारखेच येतात. ६० आणि ६० ऐवजी ३० आणि ३० येतात एवढंच. उत्तर बरोबर दिसतं, शिक्षकही पुढं जातात आणि चुकीची सवय तशीच अपवर्तनापर्यंत पोचते. तिथं ती उघडी पडते. हवेतून पाण्यात ६० अंशांनी शिरणारा किरण आत सुमारे ४०.५ अंशांवर जातो. त्याच किरणाचा कोन चुकून ३० अंश धरला तर हिशेबात आतला कोन २२ येतो आणि आकृतीचा प्रयोगाशी मेळ बसत नाही. म्हणून आरशाच्या धड्यातच आधी स्तंभिका काढल्याशिवाय कोनमापक हातात घेऊ देऊ नये.

आता नाणं. आकृतीसाठी एक सेंटीमीटरच्या चौकटींचा आलेख कागद घ्यायचा. समजा, भांड्याची आतली रुंदी १२ सेंमी, खोली ८ सेंमी आणि तळाच्या मधोमध दहा रुपयांचं नाणं आहे. त्याचा व्यास २७ मिमी. कागदावर भांडं खऱ्या मापात काढलं तर उजव्या भिंतीपासून नाणं ४.६५ ते ७.३५ सेंमीपर्यंत पसरलेलं येतं. डोळा उजवीकडे वर आहे आणि त्याची नजर उजव्या काठाला घासून ४५ अंशांनी खाली उतरते.

आधी रिकामं भांडं. काठापासून आठ चौकटी खाली आणि आठ चौकटी डावीकडे अशी सरळ रेषा ओढली की ती तळाला भिंतीपासून ८ सेंमीवर भेटते. तिच्या अलीकडचा सगळा तळ काठाआड. नाणं ७.३५ सेंमीलाच संपतं, म्हणजे ते पुरतं लपलेलं. प्रत्यक्ष भांड्यातही नजर ४५ अंशांचीच आहे का हे तपासता येतं. तळाला नाण्याशेजारी सेंटीमीटरच्या खुणा केलेली प्लॅस्टिकची पट्टी चिकटवायची आणि आठाची खूण काठावर जेमतेम दिसेल अशा ठिकाणी डोळा ठेवायचा.

आता भांडं काठोकाठ भरलं. नाण्यापासून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना स्तंभिकेपासून दूर वाकतो. किती वाकतो हे काढायला साइनचे तक्ते लागत नाहीत, कंपास पुरतो. किरण पाण्याच्या पृष्ठभागाला जिथं मिळतो तो बिंदू केंद्र धरून ३ सेंमी आणि ४ सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळं काढायची. हवेतला किरण ३ सेंमीच्या वर्तुळाला जिथं छेदतो त्या बिंदूचं स्तंभिकेपासूनचं आडवं अंतर मोजायचं. ४५ अंशांच्या किरणासाठी ते २.१ सेंमी भरतं. मग पाण्याच्या बाजूला, स्तंभिकेच्या पलीकडे, ४ सेंमीच्या वर्तुळावर तेवढ्याच अंतराचा बिंदू शोधायचा आणि तो केंद्राशी जोडायचा. पाण्यातल्या किरणाची दिशा मिळाली. तीन आणि चार हे आकडे मनाचे नाहीत. प्रकाशाचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आणि पाण्यात सुमारे सव्वादोन लाख, त्यांचं गुणोत्तर ४ : ३. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ सांगतात तो हाच. काचेसाठी वर्तुळं २ आणि ३ सेंमीची घ्यायची.

या रचनेतून मिळालेली रेषा तळापर्यंत वाढवली की ती आठ चौकटी खाली जाताना पाचच चौकटी डावीकडे सरकते. म्हणजे आता डोळ्याला तळ भिंतीपासून ५ सेंमीपासून पुढं दिसतो आणि नाण्याचा फक्त तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काठाआड उरतो. बाण मात्र नाण्यापासून डोळ्याकडे काढायचे: पाच चौकटी उजवीकडे, आठ वर, काठाशी वळण आणि पुढं ४५ अंशांनी डोळ्यात. हवेतला टप्पा पाण्याच्या आत तुटक रेषेनं मागं वाढवला की नाण्याचा तो बिंदू त्याच रेषेवर कुठंतरी असल्यासारखा का दिसतो ते स्पष्ट होतं.

खरी मजा पाणी ओतण्याआधी भाकीत करण्यात आहे. पाणी अर्धं, म्हणजे ४ सेंमी असेल तर? काठापासून पाण्यापर्यंत चार चौकटी खाली आणि चार डावीकडे, मग पाण्यात चार खाली आणि अडीच डावीकडे. रेषा तळाला साडेसहावर पोचते. ६.५ ते ७.३५ म्हणजे नाण्याची पाऊण सेंटीमीटरहून थोडी जास्त रुंद कोर दिसायला हवी आणि तीही डोळ्यापासून लांबच्या बाजूची. याच रीतीनं मागं गेलं तर नाण्याची पहिली कड पाणी साधारण पावणेदोन सेंटीमीटर झाल्यावर दिसावी. मुलांनी हे आकडे फळ्यावर लिहावेत, मग पट्टी धरून पाणी ओतावं. आकडे जुळत नाहीत तेव्हा दोष बहुधा अपवर्तनाच्या नियमाकडे नसतो, डोळा हललेला असतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला मोबाइलचा कॅमेरा. तो हलत नाही आणि पडद्यावरची कोर सगळ्या वर्गाला एकदमच दिसते.

भांडं निवडण्यावर निम्मा प्रयोग ठरतो. घरोघरी मिळणारी स्टीलची वाटी इथं नडते. तिच्या कडा तिरक्या, त्यामुळे आकृतीतली मापं बदलतात आणि आतली चकचकीत भिंत आरशासारखी वागून लपलेल्या नाण्याची प्रतिमा आधीच दाखवते. काचेचा पेला तर कामाचाच नाही, कारण नाणं भिंतीतून आरपार दिसतं. चिनी मातीचा रुंद मग किंवा गडद रंगाचा प्लॅस्टिकचा उभट डबा उत्तम. नाणं चिकटवायला मेण किंवा चिमूटभर कणिक लागते, नाहीतर पाण्याच्या धारेनं नाणं सरकतं आणि मग ते प्रकाशामुळे दिसलं की सरकल्यामुळे हे कुणालाच सांगता येत नाही. धार चमच्याच्या पाठीवर सोडली म्हणजे लाटा उठत नाहीत.

नाणं ‘किती वर आलं’ हे विचारायचं असेल तर आरशातली दोन रेषांची रीत इथंही वापरता येते. आता बरोबर वरून बघायचं. नाण्याच्या एका बिंदूपासून एक किरण सरळ उभा वर येतो आणि न वाकता बाहेर पडतो. दुसरा किंचित तिरका, आठ चौकटी वर जाताना दीड चौकट उजवीकडे सरकणारा. वर्तुळांच्या रीतीनं त्याचा हवेतला टप्पा काढून तुटक रेषेनं मागं आणला की तो उभ्या रेषेला पृष्ठभागाखाली सुमारे ६ सेंमीवर छेदतो. ८ सेंमी खोल नाणं ६ सेंमीवर दिसतं, खोलीच्या पाऊणपट. हा पाऊणपटाचा नियम वरून बघणाऱ्यासाठीच आहे. तिरकं बघितलं की तळ याहूनही उथळ भासतो. विहिरीच्या किंवा तलावाच्या काठावर उभं राहून लांबच्या पाण्याचा अंदाज फसतो तो त्यामुळेच.

हे नाणं फार जुनं आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनं प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात भांड्यातल्या नाण्याचा प्रयोग दिला आणि हवेतून पाण्यात जाताना दर दहा अंशांना किरण किती वाकतो याचा तक्ताही दिला. त्यात १० अंशांना ८, ६० अंशांना ४०.५ असे आकडे आहेत आणि ते बरेच अचूक आहेत. पण ८० अंशांना त्यानं ५० लिहिले, तिथं यायला हवेत सुमारे ४७.६. तक्त्यातले लागोपाठच्या आकड्यांमधले फरक दर वेळी बरोबर अर्ध्या अंशानं कमी होत जातात. मोजलेले आकडे इतक्या शिस्तीत येत नसतात. टॉलेमीनं ते आपल्या मनातल्या नियमात बसवून घेतले असावेत असं अभ्यासक मानतात. कंपासची रचना करून ८० अंशांचा किरण मुलांनी स्वतः काढला तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या तक्त्यातली चूक त्यांना आपल्या कागदावर सापडते. खरा नियम बगदादच्या इब्न सहलनं ९८४ च्या सुमारास भूमितीनं मांडला. पुढं १६२१ मध्ये हॉलंडच्या स्नेलनं तो स्वतंत्रपणे शोधला आणि १६३७ मध्ये देकार्तनं छापून प्रसिद्ध केला.

टॉलेमीची आणखी एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. किरण डोळ्यातून निघून वस्तूकडे जातात असं तो मानत होता. डोळ्यापासून नाण्याकडे बाण काढणारं मूल आणि टॉलेमी एकाच बाजूला आहेत. तरीही टॉलेमीच्या आकृत्या चालल्या, कारण प्रकाशाची वाट दोन्ही दिशांनी तीच असते. म्हणूनच बाणाची चूक रेषेवरून पकडता येत नाही आणि शिक्षकाला ती मुद्दाम विचारून काढावी लागते: अंधाऱ्या खोलीत बाण कुठून निघेल?

पाण्याचा पेला आणि पेन्सिल हा सगळ्यांत सोपा समजला जाणारा प्रयोग त्या मानानं अवघड आहे. गोल पेला पाण्यानं भरला की भिंगासारखा वागतो. पेन्सिल बरोबर मध्यभागी उभी धरली तर बाजूनं ती तुटलेली दिसत नाही, पाण्यातला भाग नुसता सुमारे एक तृतीयांशानं जाड दिसतो. ती कडेला नेली की वरचा आणि खालचा भाग वेगळे होतात. सुरुवात करणाऱ्यांनी हा घोळ टाळण्यासाठी सपाट भिंतींचा चौकोनी डबा घ्यावा आणि पेन्सिल तिरकी ठेवून वरून बघावी, म्हणजे नाण्याचीच आकृती पेन्सिलीच्या टोकाला लागू पडते.

काचेचा पेला कामाला येतो तो नाण्याच्या उलट्या खेळात. नाणं पेल्यात न टाकता टेबलावर ठेवायचं आणि त्यावर कोरड्या बुडाचा रिकामा पेला ठेवायचा. बाजूनं बघितलं तर नाणं दिसतं. पाणी ओतलं की ते नाहीसं होतं. नाणं आणि पेल्याचं बूड यांच्यामध्ये हवेचा पातळ थर असतो. त्या थरातून वर येणारा प्रकाश पाण्यात शिरताना उभ्या रेषेकडे वाकतो आणि आडवा आला तरी सुमारे ४८.६ अंशांहून जास्त कलू शकत नाही. असा चढा किरण पेल्याच्या भिंतीशी पोचला की एकतर आतच परावर्तित होतो किंवा बाहेर पडलाच तर खूप वर उचलला जातो. समोर बसलेल्याच्या डोळ्यात तो येतच नाही. वरून पेल्यात डोकावलं तर नाणं जागेवर आहे. हे स्पष्टीकरण खरं की खोटं हे तपासायला पेला उचलायचा, नाण्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि पेला पुन्हा दाबून ठेवायचा. मधली हवा गेली, ४८.६ अंशांची मर्यादा गेली, आणि भरल्या पेल्याच्या बाजूनंही नाणं दिसू लागतं.